पुण्यात पाणी शंभर अंशांवर उकळत नाही

दूध ६३ अंश सेल्सिअसवर सलग अर्धा तास ठेवलं की ते पाश्चराइज होतं. घरच्या घरी पनीर, दही, आइस्क्रीम करून विकणारे अनेक जण हे तापमान बघायला स्टीलच्या दांडीचा डिजिटल थर्मामीटर वापरतात. दांडीच्या टोकात संवेदक असतो, त्या दांडीला प्रोब म्हणतात. पडद्यावर ६३.० असा दशांशासह आकडा आला की मन निश्चिंत होतं. पण दशांश दाखवणं वेगळं आणि दशांशापर्यंत बरोबर असणं वेगळं. स्वस्त प्रोबमध्ये एखाद्या अंशाची चूक सहज असते, आणि ती कोणत्या बाजूला आहे याला फार महत्त्व आहे. प्रोब कमी दाखवत असेल तर दूध थोडं जास्त तापतं, एवढंच. तो जास्त दाखवत असेल तर दूध कमी तापूनही आपण गॅस बारीक करतो, आणि ते कळायला दुसरा काही मार्ग नसतो.

ही चूक शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. वितळणारा बर्फ आणि उकळतं पाणी या दोन गोष्टींचं तापमान आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्यात प्रोब बुडवायचा आणि तो काय सांगतो ते बघायचं.

त्यातला बर्फ अधिक भरवशाचा. हवेच्या दाबाचा त्याच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे मुंबईत काय किंवा महाबळेश्वरला काय, बर्फ वितळतो तो शून्य अंशालाच. मात्र ग्लासभर पाण्यात चार खडे टाकले तर शून्य अंश मिळत नाही. बर्फ वर तरंगतो, आणि पाणी चार अंशांच्या आसपास सर्वांत जड असल्यामुळे तळाशी तेवढ्या तापमानाचं पाणी साचून राहतं. प्रोबचं टोक नेमकं तिथे गेलं तर आकडा तीन-चार येतो आणि दोष उगाच प्रोबला जातो. म्हणून बर्फ कपड्यात गुंडाळून बत्त्यानं बारीक फोडावा, उंच ग्लास किंवा थर्मास त्यानं काठोकाठ भरावा, आणि मधल्या फटी भरतील इतकंच थंड पाणी घालावं. बर्फ तळापर्यंत पोचलेला हवा. फ्रीजरमधून नुकताच काढलेला कोरडा बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून ढवळून पाच मिनिटं थांबावं. चुरा ओला, काचेसारखा दिसू लागला की तो तयार झाला. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी इथे फरक पडत नाही, पण मिठापासून सांभाळावं. पाव लिटर पाण्यात चमचाभर मीठ पडलं तरी तापमान शून्याच्या सव्वा-दीड अंश खाली जातं.

दांडी मधोमध धरावी, भिंतीला किंवा तळाला टेकू देऊ नये. ती निदान दोन इंच बुडायला हवी, कारण बाहेर राहिलेल्या धातूतून खोलीची उष्णता टोकापर्यंत झिरपते. दांडी पुरेशी बुडाली आहे का, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. ती अजून अर्धा इंच खाली सरकवावी. आकडा हलला, तर आधी ती कमी बुडाली होती. सावकाश ढवळत राहावं आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिला की लिहून घ्यावा. समजा, तो आला ०.८.

आता उकळतं पाणी. इथे पुष्कळ जण फसतात, कारण शाळेत पाठ केलेला शंभराचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो, हे अँडर्स सेल्सिअसनं १७४२ साली आपली मोजपट्टी मांडतानाच नोंदवलं होतं. ढोबळमानानं दर तीनशे मीटर चढाला तो एक अंशानं उतरतो. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे पाणी ९८.१ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ते ९५.५ च्या आसपास उकळेल.

पातेलं खोल घ्यावं, पाणी खळखळून उकळू द्यावं आणि प्रोब मधोमध धरावा. तळाजवळचं पाणी वरच्यापेक्षा थोडं जास्त तापलेलं असतं, त्यामुळे दांडी तळाला टेकली की आकडा चढतो. वाफेनं हात पोळतो, म्हणून दांडी चिमट्यात धरावी. कुकर मात्र वापरू नये. त्यात दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांजवळ पोचतं.

पुण्यातल्या आपल्या प्रोबनं उकळत्या पाण्यात ९९.६ दाखवलं असं धरू. शंभर हेच खरं मानणारा म्हणेल, प्रोब ०.४ नं कमी दाखवतो, तेवढे वाढवून वाचू. प्रत्यक्षात खरं तापमान ९८.१ आहे, म्हणजे प्रोब दीड अंश जास्त दाखवतो. दुरुस्ती चुकीच्या दिशेनं झाली, आणि दुधाच्या बाबतीत नेमक्या धोक्याच्या दिशेनं. न केलेली दुरुस्ती यापेक्षा परवडली असती.

असाच दुसरा सापळा मोबाइलमध्ये आहे. हवामानाच्या ॲपवर पुण्याचा दाब १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास दिसतो आणि त्यावरून उत्कलनबिंदू पुन्हा शंभराजवळ येतो. पण तो आकडा हिशेबानं समुद्रसपाटीवर आणलेला असतो. पुण्याच्या हवेचा खरा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो. काही फोनमध्ये दाबमापक संवेदक असतो, तो मात्र आपण उभे आहोत तिथला दाब सांगतो. दर दहा हेक्टोपास्कलमागे उत्कलनबिंदू पाव अंशाहून किंचित जास्त सरकतो. स्वयंपाकघरातल्या कामाला उंचीवरून काढलेला आकडा पुरतो.

आपल्याकडे आता दोन चुका आहेत: शून्यापाशी ०.८ आणि उकळीपाशी १.५. त्या सारख्या असत्या तर प्रत्येक वाचनातून तेवढे वजा करून काम झालं असतं. अनेक थर्मामीटरांना कॅलचं बटण असतं, ते बर्फात दाबल्यावर एवढंच करतं. पण इथे तापमानाबरोबर चूकही वाढते आहे. बर्फ ते उकळी हे खरं अंतर ९८.१ अंशांचं, आणि प्रोबच्या हिशेबानं ते ९८.८ चं. म्हणून वाचनातून आधी ०.८ वजा करायचे आणि आलेल्या आकड्याला ९८.१ नं गुणून ९८.८ नं भागायचं. पडद्यावर ६३ असतील तर ६२.२ उरतात, आणि गुणाकार-भागाकारानंतर येतात ६१.८. म्हणजे दूध ६३ वर आहे असं वाटत असताना ते सव्वा अंश खाली होतं. उलटा हिशेब केला तर पडद्यावर ६४.३ दिसल्यावरच दूध खऱ्या ६३ ला पोचतं. रोजच्या कामात हा एकच आकडा लागतो; तो तारखेसह चिकटपट्टीवर लिहून थर्मामीटरला लावून ठेवावा.

ही दुरुस्ती शून्य ते उकळी एवढ्याच पट्ट्यात धरावी. १८० अंशांच्या तळणाच्या तेलाबद्दल ती खात्रीनं काही सांगत नाही. शिवाय ती ज्या प्रोबची चूक दर वेळी सारखीच असते त्यालाच लागू पडते. म्हणून उकळीनंतर प्रोब पुन्हा बर्फात घालून बघावा. पहिल्यांदा ०.८ आणि आता १.९ आले, किंवा आकडा एका जागी ठरतच नाही, तर बहुधा दांडी आणि वायर जिथे जोडली आहे तिथून आत वाफ किंवा पाणी शिरलेलं असतं. दोन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवून पुन्हा तपासावं. तरीही आकडा भटकत राहिला तर त्या प्रोबला कोणताही हिशेब लावता येत नाही, तो बदलावाच लागतो.