देश बदलला, भाडे बदलले?

नांदेड-लातूरकडचे अनेक परदेशप्रवासी हैदराबादहून विमान पकडतात. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर भारताऐवजी दुसरा देश निवडला की तेच तिकीट स्वस्त दिसते, हा अनुभव खोटा नाही; पण बचत बहुधा दिसण्यापुरतीच असते. आंतरराष्ट्रीय भाडे मुख्यतः प्रवास कुठून सुरू होतो त्यावर ठरते. हैदराबाद-लंडनचे मूळ भाडे रुपयांतच असते. ब्रिटनच्या पानावर ते पौंडांत बदलून दिसते, आणि फरक पडतो तो विनिमय दराचा किंवा सेवाशुल्काचा. समजा, भारतीय पानावर ६०,००० रुपये आणि परदेशी पानावर ५८,८०० रुपयांइतके पौंड दिसले. कार्डाचे परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असेल, तर २,०५८ रुपये वाढतात. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ३७०. एकूण ६१,२२८. म्हणजे फरक सुमारे चार टक्क्यांहून कमी असेल तर तोटाच.

कोणी म्हणेल, चलन शुल्क नसलेले कार्ड वापरू. मग हिशेब बदलतो, हे मान्य. तरी पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ हा पर्याय नाकारावा. त्यातला विनिमय दर सहसा महाग असतो. शिवाय तिकीट रद्द केल्यास परतावा पौंडांत येतो आणि त्या दिवशीच्या दराने रुपये मिळतात. म्हणून पैसे भरण्याआधी सामानाची मर्यादा आणि रद्द करण्याचे नियम दोन्ही पानांवर सारखेच आहेत ना, तेही ताडून पाहावे.