मसावि मिळाला, आता उलटे चला

४४ आणि १८ यांचा मसावि २. पण ४४ च्या आणि १८ च्या पटींची वजाबाकी करून हा २ मिळेल का? मिळतो. आधी नेहमीचा भागाकार:

४४ = २×१८ + ८
१८ = २×८ + २

८ ला २ ने पूर्ण भाग जातो, म्हणून इथे थांबायचे आणि मागे फिरायचे. दुसऱ्या ओळीवरून २ = १८ − २×८. यातला ८ म्हणजे पहिल्या ओळीतला ४४ − २×१८. तो तिथे ठेवू:

२ = १८ − २×(४४ − २×१८) = ५×१८ − २×४४

घोळ होतो तो कंस सोडताना. उणे-उणे अधिक होते हे विसरले, तर ५ च्या जागी −३ येतो. म्हणून ताळा करावाच: ९० − ८८ = २.

जोडी मात्र एकच नसते. ७×४४ − १७×१८ हेही २ च.