शंभरातले किती क्लेम, की शंभरातले किती रुपये?

तासगावचं चौघांचं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. वडील बावन्नचे, आई सत्तेचाळिशीची, दोन मुलं शिकणारी. मेडिक्लेम घ्यायचं ठरलंय आणि एजंटाने दोन कंपन्यांची पत्रकं समोर ठेवलीत. एकीवर छापलंय, ‘क्लेम निकाली काढण्याचं प्रमाण ९४ टक्के, देशभरात बारा हजार रुग्णालयं’. दुसरीवर ८९ टक्के आणि नऊ हजार रुग्णालयं. घरात कुणीही पहिल्या पत्रकाकडेच बोट दाखवेल.

पण हे ९४ आणि ८९ एकाच कंपनीच्या एकाच वर्षाच्या कामातून निघू शकतात. कसे ते हिशेबानेच पाहू. समजा, एका कंपनीकडे मागच्या वर्षीचे शिल्लक ४,००० क्लेम होते आणि यंदा नवे ९६,००० आले. म्हणजे टेबलावर एक लाख फाइली. त्यातल्या ८४,००० फाइलींवर पैसे दिले गेले, १०,००० नाकारल्या गेल्या आणि ६,००० वर्षअखेर पडून राहिल्या. आता टक्केवारी काढा. आलेल्या सगळ्या फाइलींत किती जणांना पैसे मिळाले, असं विचारलं तर उत्तर ८४ टक्के. शिल्लक राहिलेल्या बाजूला ठेवून, ज्यांच्यावर निर्णय झाला त्यात किती मंजूर झाल्या असं विचारलं, तर ८९ टक्के. आणि ‘निकाली काढल्या’ या शब्दात मंजूर व नामंजूर दोन्ही धरल्या, तर ९४ टक्के. नाकारलेला क्लेमही निकालीच निघालेला असतो. म्हणून टक्केवारी वाचताना पहिला प्रश्न हा की, ती कशाला कशाने भागून काढली आहे?

हा भागाकार घरबसल्या स्वतः करता येतो. प्रत्येक विमा कंपनीला आपले आकडे ठरावीक तक्त्यांत संकेतस्थळावर ठेवावेच लागतात. ‘Public Disclosures’ या विभागात जाऊन NL-37 हा तक्ता उघडा. वर्षाच्या सुरुवातीचे शिल्लक क्लेम, नव्याने आलेले, पैसे दिलेले, नाकारलेले आणि अखेरीस उरलेले, अशा ओळी त्यात सापडतात. आग, मोटार, आरोग्य असे रकाने वेगवेगळे असतात, तेव्हा आरोग्याचाच रकाना धरा. तिमाहीचा तक्ता न घेता मार्चअखेरचा, पूर्ण वर्षाचा घ्या. उरलेले क्लेम किती जुने आहेत तेही तिथेच दिसतं. सहा महिन्यांच्या वर रखडलेल्या फाइलींची संख्या मोठी असेल, तर ती कंपनी ‘नाही’ म्हणत नसली तरी ‘हो’ही म्हणत नाहीये, एवढं कळतं.

इथवर आपण फाइली मोजल्या. खरी मेख पुढे आहे. आयुर्विम्यात माणूस गेल्यावर ठरलेली रक्कम वारसाला मिळते किंवा नाकारली जाते, त्यामुळे तिथे फाइली मोजल्या तरी चित्र बऱ्यापैकी खरं उतरतं. आरोग्य विम्यात तसं नाही. अडीच लाखांच्या बिलापोटी कंपनीने एक लाख दिले, तरी तो क्लेम ‘दिला’ या ओळीतच जातो. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२३-२४ च्या अहवालातले आकडे एकमेकांशेजारी ठेवले की हे लख्ख दिसतं. त्या वर्षी आरोग्य विम्याचे सुमारे ३.२६ कोटी क्लेम हाताशी होते आणि २.६९ कोटी क्लेमवर पैसे दिले गेले, म्हणजे शंभरात साधारण ८२. रुपयांत मोजलं तर मागणी सुमारे १.१७ लाख कोटींची होती आणि दिले गेले ८३,४९३ कोटी, म्हणजे शंभर रुपयांत ७१. मधले जवळपास १५,१०० कोटी पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून कापले गेले. ही कपात ज्यांनी सोसली त्यांतले कितीतरी जण कंपनीच्या पत्रकात समाधानी ग्राहक म्हणून मोजले गेले आहेत.

कपात होते कशी, ते आपल्या तासगावच्या घराच्या उदाहरणावर पाहू. पाच लाखांची पॉलिसी आहे. अटींमध्ये एक ओळ अशी की, खोलीचं भाडं रोज विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,००० रुपयांपर्यंत. वडिलांची शस्त्रक्रिया झाली, त्या दिवशी स्वस्त खोली रिकामी नव्हती म्हणून ८,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिले. बिल झालं २,४०,००० रुपये. त्यात खोली ३२,०००. सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून १,२८,०००. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेलं साहित्य ७०,०००. आणि हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क असल्या किरकोळ बाबी १०,०००.

घरच्यांचा अंदाज असतो की खोलीचा फरक रोजचे ३,०००, चार दिवसांचे १२,०००, तेवढे आपण भरू. प्रत्यक्षात कंपनी प्रमाण लावते. आठ हजारांच्या खोलीत पाच हजारांचाच हक्क, म्हणजे ६२.५ टक्के. खोलीचे २०,००० मिळाले. सर्जन-नर्सिंगचे दरही खोलीच्या दर्जानुसार चढतात, असं धरून तिथेही ६२.५ टक्केच लागले आणि १,२८,००० चे ८०,००० झाले. औषधं, तपासण्या आणि बसवलेल्या साहित्याला हे प्रमाण लावता येत नाही, ते ७०,००० पूर्ण मिळाले. किरकोळ बाबींचे शून्य. हातात आले १,७०,०००, खिशातून गेले ७०,०००. बारा हजारांचा फरक वाटला होता, त्यापायी साठ हजार गेले, शिवाय किरकोळचे दहा. कंपनीने यात कसलाही नियम मोडलेला नाही. तिच्या नोंदवहीत हा क्लेम यशस्वी आहे.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की ८४ टक्के आणि ८९ टक्के यांत घोळत बसण्यापेक्षा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आहे की नाही, हे आधी बघावं. पॉलिसीसोबत मिळणाऱ्या ‘ग्राहक माहिती पत्रका’त ही मर्यादा लिहिलेली असते. किरकोळ बाबी देणारं जोडकलम आहे का, तेही त्याच वेळी विचारावं.

आकड्यांची आणखी एक बाजू सांगायला हवी. NL-37 मधल्या आरोग्याच्या रकान्यात कारखान्यांच्या, बँकांच्या सामूहिक पॉलिसी आणि तुमच्या-आमच्या वैयक्तिक पॉलिसी एकत्र असतात. सामूहिक पॉलिसीत जुन्या आजारांना बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, त्यामुळे नाकारण्याची कारणंच कमी. जिचा धंदा मुख्यतः अशा गटांवर चालतो, तिचं मंजुरीचं प्रमाण आपसूक चांगलं दिसतं. वैयक्तिक ग्राहकाची खबर त्यातून मिळत नाही. ती मिळते तक्रारींच्या NL-45 या तक्त्यात. दर दहा हजार क्लेममागे किती तक्रारी आल्या, हा आकडा तिथे असतो आणि लहान-मोठ्या कंपन्यांची तुलना त्याने न्याय्य होते. दोन-तीन वर्षांचे आकडे बघा. एखाद्या कंपनीच्या तक्रारी दरवर्षी चढत असतील, तर तिची जाहिरात कितीही देखणी असली तरी मी पुढे जाणार नाही.

आता रुग्णालयांकडे वळू. बारा हजार हा आकडा देशाचा आहे आणि तासगावकराला देशाशी काही देणंघेणं नाही. त्याला ताप-फ्रॅक्चरला तासगाव, मोठ्या शस्त्रक्रियेला सांगली-मिरज आणि फारच अडलं तर पुणे. कंपनीच्या संकेतस्थळावर सांगली जिल्हा निवडा आणि यादी नावं वाचत उतरवून घ्या. डोळ्यांचे दवाखाने, दंतचिकित्सा, फक्त प्रसूतिगृहं बाजूला काढा. हृदयविकार, मेंदूचा झटका, अपघात आणि कर्करोग यांवर चोवीस तास उपचार करणारी किती उरतात ते मोजा. जिल्ह्यातली पन्नास नावं चाळून चार-पाच उरली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तुलना त्या चार-पाचांची करायची.

मग त्या रुग्णालयात प्रत्यक्ष जा. यादीत नाव असणं म्हणजे कंपनी आणि रुग्णालय यांच्यात दरांचा करार झालेला असणं. कराराची मुदत संपते, दरांवरून दोघांचं फाटतं, रुग्णालय कॅशलेस थांबवतं आणि संकेतस्थळावरचं नाव मात्र तसंच राहतं. खरी माहिती असते रुग्णालयाच्या कॅशलेस किंवा टीपीए खिडकीवर बसणाऱ्या माणसाकडे. त्याला तीन गोष्टी विचारा. या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का? दाखल करताना पेशंटकडून डिपॉझिट घेता का, किती? आणि डिस्चार्जच्या दिवशी या कंपनीची अंतिम मंजुरी यायला किती तास लागतात? मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने दाखल करतानाची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला हवी. उशिरामुळे बिल वाढलं तर तो भार कंपनीवर आहे. खिडकीवरचा माणूस ‘सकाळी पाठवलं की रात्र होते’ म्हणाला, तर नियम कागदावर आणि पेशंट बाकावर, हे समजून घ्या.

यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मिळू शकतं. जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी तशी सोय जाहीर केली आहे. ठरवून करायच्या उपचारासाठी ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचं. मात्र त्याला रुग्णालयाची तयारी लागते, म्हणून तिच्या भरवशावर अपुरी यादी पत्करू नये. त्याहून महत्त्वाची आहे कंपनीची वगळलेल्या रुग्णालयांची यादी. ती संकेतस्थळावर वेगळी असते आणि एजंट सहसा दाखवत नाहीत. त्या यादीतल्या रुग्णालयात उपचार घेतले तर कॅशलेस तर नाहीच, बिल भरून मागाहून मागितलेले पैसेही मिळत नाहीत. अपवाद जिवावरच्या प्रसंगाचा किंवा अपघाताचा, आणि तिथेही पेशंट स्थिरावेपर्यंतचाच खर्च मिळतो. तुमच्या घरचे डॉक्टर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करतात, त्याचं नाव या यादीत शोधा.

पॉलिसी आधीच घेऊन झाली असेल, तरी हे सगळं तपासायला उशीर झालेला नाही. नव्या पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत, क्लेम केलेला नसेल तर, ती परत करता येते. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक आणि मधल्या दिवसांच्या संरक्षणाचे पैसे वजा करून उरलेला प्रीमियम कंपनीला परत द्यावा लागतो. त्या ३० दिवसांतला एक दिवस मिरजेच्या खिडकीसाठी ठेवा.