सिग्नलला गरम होणारा एसी

मे महिन्यात मुंबईहून पुण्याला येताना एक्सप्रेसवेवर गाडीचा एसी छान गार होता. घाटात वाहतूक तुंबली, गाडी उभी राहिली आणि पाचच मिनिटांत जाळीतून कोमट वारा येऊ लागला. गाडी पुन्हा पळू लागली की गारवा परत. पुण्यात पहिल्या गॅरेजवाल्याने गॅस भरून दिला. फरक पडला नाही.

खरं तर गाडीच्या या वागण्यातच दुखणं दिसत होतं. केबिनमधली उष्णता गॅस उचलतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती बाहेर टाकतो. त्यासाठी कंडेन्सरमधून भरपूर वारा जावा लागतो. गाडी धावताना तो आपसूक मिळतो, उभ्या गाडीत मात्र सगळी मदार पंख्यावर असते. पंखा कमी पडला की उष्णता तिथेच साचते, गॅसचा दाब चढतो आणि फार चढला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. अशा वेळी वरून आणखी गॅस भरला, तर दाब उलट वाढतोच.

दुसऱ्या मेकॅनिकने गेज लावण्याआधी बॉनेट उघडलं आणि एसी चालू करून कंडेन्सरच्या पुढच्या बाजूला कागद धरला. पंखा ओढ घेत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. आमचा खाली पडला. पंखा फिरत होता, म्हणून तोवर कुणाला शंका आली नव्हती. पण तो दमून फिरत होता. मग कंडेन्सरवर हळूच पाणी शिंपडलं, तसा आत वारा गार झाला. म्हणजे उष्णता बाहेर पडत नव्हती, हेच खरं. गेजवर जास्त दाबाची बाजू ३०० पीएसआयच्या वर गेली होती. गॅस कमी असता तर ती इतकी चढली नसती.

पण पंखा कमजोर म्हणजे मोटरच गेली, असं नव्हे. मेकॅनिकने मोटरच्या कनेक्टरवर पंखा चालू असतानाच व्होल्टेज मोजलं. ते साडेतेरा भरलं, अर्थिंगही ठीक निघालं. म्हणजे वीज पूर्ण पोहोचत होती आणि मोटरच झिजली होती. व्होल्टेज कमी भरलं असतं, तर रिले, गंजलेला कनेक्टर किंवा वायर तपासावी लागली असती. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. कमी वेगाचा रेझिस्टर जळला तर त्या वेगाला पंखा फिरतच नाही. कंडेन्सर धूळ आणि किड्यांनी बुजला असेल तरीही लक्षणं अशीच दिसतात, म्हणून नवी मोटर घालण्याआधी तो धुवून पाहणं स्वस्त पडतं.

नवी मोटर बसवल्यावर उभ्या गाडीत दाब २२० च्या आसपास स्थिरावला आणि सिग्नललाही गारवा टिकला.

हे घरी पाहणार असाल, तर बोटं आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा, कारण तो न सांगता सुरू होतो. आणि गॅरेजमध्ये गॅस भरण्याचे पैसे देण्याआधी कागद धरून दाखवायला सांगा.