ताटातलं लोह, पिशवीतलं लोह

थॅलेसेमियाच्या मुलाला रक्त चढवण्याच्या दिवशी आई सोबत डबा आणते. आमच्या केंद्रात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे डब्यात डोकावायची मला सवयच लागली आहे. मागच्या वर्षी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या डब्यात फक्त दहीभात होता. आधीच्या खेपेलाही तोच होता. विचारलं तर आई म्हणाली, "ताई, लोह वाढतं म्हणून पालेभाजी बंद केली, डाळ बंद केली, अंडंही बंद. आता देऊ तरी काय?"

या आईने कुणाचंतरी ऐकून हे केलं होतं. त्याआधीची तीन वर्षं ती नेमकं उलटं करत होती. शेजारपाजारचे सांगायचे, पोरीला रक्त कमी आहे, बीट दे, खजूर दे, अळिवाचे लाडू दे. दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. या मुलांच्या अंगात लोह मुख्यतः कुठून येतं, हे कुणी हिशेब करून सांगितलेलंच नसतं.

तो हिशेब सोपा आहे. वीस किलोच्या मुलीला दर तीन आठवड्यांनी साधारण 300 मिली तांबड्या पेशी चढवतात. त्यातून अंगात सुमारे 200 मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे दिवसाला साडेनऊ-दहा मिलिग्रॅम. जेवणातून दिवसभरात पोटात जातं तेही साधारण तेवढंच, पण आतडं त्यातलं फार तर दहावा भाग शोषतं, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या आसपास. पिशवीतलं लोह मात्र सगळंच्या सगळं शरीरात राहतं, कारण जादा लोह बाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात नाही. ते काढायचं काम औषधाचं आहे, गोळ्यांचं किंवा त्वचेखाली पंपाने द्यायच्या इंजेक्शनचं. डाळ बंद करून दिवसाचं अर्धा मिलिग्रॅम वाचतं, आणि त्याच्या बदल्यात मुलीचं प्रथिन जातं. हा सौदा तोट्याचा आहे, असं मी त्या आईला स्पष्ट सांगितलं.

अजून एक गोष्ट तिला माहीत नव्हती. हिमोग्लोबिन खाली गेलं की शरीर 'रक्त हवं' म्हणून हाका मारतं आणि आतडं जास्त लोह ओढायला लागतं. गावाहून येणं जमेना म्हणून त्यांचं तीन आठवड्यांचं अंतर पाच आठवड्यांवर गेलं होतं. चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन 7.6 यायचं. ते साडेनऊ ते साडेदहाच्या आसपास राहावं, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. म्हणजे ताटातलं लोह कमी शोषलं जावं, याचाही पहिला उपाय वेळेवर रक्त घेणं हाच.

मग पथ्य काहीच नाही का? आहे, पण थोडं. काळीज, अळीव आणि लोह घातलेली टॉनिकं व पावडरी टाळायच्या. तांदूळ, पीठ, बिस्किटांच्या पुड्यांवर 'लोहयुक्त' असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आंबट भाजी, आमटी लोखंडी कढईत करायची नाही, कारण कढईचं लोह त्यात उतरतं. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत, कारण त्याने लोहाचं शोषण वाढतं. पंपाच्या औषधासोबत डॉक्टर कधी लहान मात्रा देतात, ती गोष्ट निराळी. वरण-भात, उसळ, अंडं, मेथीची भाजी, हे सगळं चालतं. जेवणाबरोबर दूध किंवा दही घेतलं तर लोहाचं शोषण थोडं घटतं आणि कॅल्शियमही मिळतं. एका दगडात दोन पक्षी.

कॅल्शियमचा प्रश्न या मुलांत खरा मोठा आहे, कारण अस्थिमज्जा फुगून हाडं पातळ होतात. नऊ वर्षांच्या निरोगी मुलालाही दिवसाला 650 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दीडशे मिलीचे दोन पेले दूध, एक वाटी दही आणि नाचणीची एक भाकरी, एवढ्यात ते जवळपास भरतं. पण ते हाडापर्यंत पोहोचायला ड जीवनसत्त्व हवं. यकृत लोहाने भरलेलं असलं तर तिथे होणारी त्याची प्रक्रियाही मंदावते. या मुलीची पातळी 11 आली. 30 च्या वर असावी, असं बहुतेक डॉक्टर धरतात. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पुन्हा तपासणी कधी, तेही लिहून दिलं. साठ हजाराची पुडी दुकानातून आणून वर्षभर दर आठवड्याला देणारे पालक मी पाहिले आहेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूतखडे होऊ शकतात.

दहा-बारा वर्षांनंतर आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी लागते. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींत लोह साठलं की कॅल्शियम घसरतं. मूल सांगतं, ओठांभोवती मुंग्या येतात, लिहिताना बोटं आखडतात, पोटऱ्यांत गोळे येतात. कधी थेट झटकाच येतो. ही तक्रार "थकली असेल" म्हणून सोडू नये. तेव्हा नुसती पुडी पुरत नाही, औषधच वेगळं लागतं. म्हणून कॅल्शियमबरोबर फॉस्फरसची तपासणीही मागून घ्यावी.

आता उंची. या मुलीच्या कागदांवर वजन दर खेपेला लिहिलेलं होतं, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. उंची मात्र वर्षभरात दोनदाच. सुरुवातीला 122 सेंटिमीटर, वर्षाने 124.5. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ होते. चारपेक्षा कमी झाली तर कारण शोधावंच लागतं. आई म्हणाली, वजन तर दीड किलो वाढलंय! पोटाला हात लावला तेव्हा कळलं, प्लीहा वाढली होती. वजनाच्या आकड्यात प्लीहा आणि यकृतही मोजलं जातं, म्हणून या आजारात उंचीवर अधिक विश्वास ठेवावा.

उंची दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, रक्त चढवण्याआधी घ्यावी. चपला-वेणी सोडून, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून, नजर समोर. दोनदा मोजावी, अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. बसल्यावरची उंचीही घ्यावी. पाय वाढतात पण धड वाढत नाही, असं दिसलं तर पंपाच्या औषधाची मात्रा जास्त होत नाही ना, हे डॉक्टरांना बघावं लागतं. दहा वर्षांपासून थायरॉइड आणि साखर दरवर्षी, आणि वयात येण्याच्या खुणा सहा महिन्यांनी.

आमच्या मुलीचं रक्ताचं अंतर पुन्हा तीन आठवड्यांवर आणलं, वरण, अंडं, दूध सुरू केलं, ड जीवनसत्त्व भरून काढलं. सहा महिन्यांत ती तीन सेंटिमीटर वाढली. थायरॉइड ठीक निघाला होता. नसता, तर नुसत्या जेवणाने एवढं झालं नसतं.

पालकांना एक विनंती. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी वाटतात. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, त्यापुढच्यांना निळी. गुलाबीत 45 आणि निळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. अंगणवाडीत तेच औषध पातळ मिळतं. थॅलेसेमियाच्या मुलाला ते द्यायचं नसतं. बाई सगळ्या वर्गाला एकदम देतात, आणि मूल लाजून काही बोलत नाही. म्हणून शाळेत आणि अंगणवाडीत डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन द्या आणि वर्गशिक्षकांना समक्ष भेटून सांगा.