गजकर्ण: मलम कुठे पुरते, गोळी कुठे लागते

गजकर्ण किंवा नायटा हा त्वचेवरच्या बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते, आणि केराटिन शरीरात तीनच ठिकाणी भरपूर असते: त्वचेच्या वरच्या मृत थरात, केसांत आणि नखांत. शाळकरी मुलांमध्ये ती अंगावर जशी दिसते तशी डोक्यातही दिसते. बुरशी एकाच कुळातली असली, तरी दोन्ही जागांचे उपचार मुळातच वेगळे आहेत. हे लक्षात न आल्यामुळे डोक्यातल्या चट्ट्यावर महिनोन्‌महिने मलम चोळले जाते आणि चट्टा वाढतच राहतो.

अंगावरचे गजकर्ण ओळखायला सोपे असते. कडा लालसर, किंचित उंच आणि खवलेदार, मध्यभाग त्या मानाने स्वच्छ, आणि खाज भरपूर. येथे बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या थरात असते, त्यामुळे लावलेले औषध थेट तिच्यापर्यंत पोहोचते. हा थर काही आठवड्यांत आपोआप झडतो आणि त्याच्याबरोबर बुरशीही निघून जाते. म्हणून एकदोन चट्टे असतील तर पोटात औषध देण्याची गरज नसते. क्लोट्रिमाझोल 1 टक्का दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावणे हा जुना आणि आजही उपयोगी उपाय आहे. टर्बिनाफिन किंवा ल्युलिकोनाझोलचे मलमही वापरले जाते. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे असते, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या थोडी पुढे गेलेली असते. खाज आठवड्याभरातच थांबते आणि बहुतेक घरांत मलमही तिथेच थांबते. चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावरही एकदोन आठवडे ते चालू ठेवले नाही, तर उरलेली बुरशी पुन्हा डोके वर काढते.

डोक्यातली गोष्ट वेगळी आहे. तिथे बुरशी केसाच्या मुळाशी असलेल्या पिशवीत आणि केसाच्या दांड्यात शिरते. मलम त्वचेच्या वरच्या थरात मुरते, पण इतक्या खोलवर पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. औषध तिथे न्यायचे तर ते रक्तावाटेच न्यावे लागते, म्हणजे पोटात घ्यावे लागते. वयात आल्यावर टाळूवरचे तेल वाढते आणि ते बुरशीला मानवत नाही, म्हणून हा आजार प्रामुख्याने लहान मुलांचा आहे. पोटात घेण्याचे औषध नव्हते तेव्हा क्ष-किरणांनी डोक्यावरचे सगळे केस गाळून टाकण्याची पद्धत होती आणि त्या किरणांचे दुष्परिणाम पुढे अनेकांना आयुष्यभर भोगावे लागले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ग्रिसिओफल्विन हे औषध आले आणि ती पद्धत मागे पडली.

डोक्यातल्या गजकर्णात गोल भागातले केस तुटतात, कोंड्यासारखे खवले दिसतात, मानेमागे गाठी येतात. भारतात ट्रायकोफायटन व्हायोलेशियम ही बुरशी बऱ्याचदा आढळते. ती केसाच्या आत वाढते, त्यामुळे केस त्वचेलगतच तुटतो आणि टाळूवर काळे ठिपके दिसतात. खवले नसलेला, तुळतुळीत गुळगुळीत चट्टा मात्र बहुधा चाईचा असतो आणि तिचा बुरशीशी संबंध नाही. शंका असेल तर तुटका केस आणि खवले काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशीचे धागे किंवा बीजाणू दिसतात. चाचणी स्वस्त आहे, आणि औषध काही आठवडे चालणार असल्याने सुरुवातीलाच करून घेणे शहाणपणाचे आहे.

समजा, तिसरीतल्या आठ वर्षांच्या मुलाचे वजन 25 किलो आहे. दंडावर एक गोल चट्टा आणि डोक्यात काळ्या ठिपक्यांचा एक चट्टा आहे. नुसता दंडावरचा चट्टा असता तर मलम पुरले असते. डोक्यासाठी डॉक्टरांसमोर मुख्यतः दोन पर्याय असतात. टर्बिनाफिन 20 ते 40 किलो वजनाला रोज 125 मिलिग्रॅम, म्हणजे 250 च्या गोळीची अर्धी, साधारण चार आठवडे. ट्रायकोफायटन गटावर हे औषध चांगले चालते आणि काळे ठिपके त्याच गटाकडे बोट दाखवतात. दुसरा पर्याय ग्रिसिओफल्विनचा: किलोमागे 20 ते 25 मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला रोज निदान 500 मिलिग्रॅम, सहा ते आठ आठवडे. ते तूप-दूध असलेल्या जेवणासोबत घ्यावे लागते, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर ते चांगले शोषले जाते. घरात मांजराचे पिल्लू असेल आणि त्याच्याही अंगावरचे केस गळत असतील, तर मायक्रोस्पोरम कॅनिसची शक्यता वाढते. तिच्यावर ग्रिसिओफल्विनच अधिक खात्रीचे ठरते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मोठ्या भावाच्या उरलेल्या गोळ्या धाकट्याला देऊ नयेत.

इतके आठवडे का लागतात? ग्रिसिओफल्विन बुरशीला मारण्यापेक्षा तिची वाढ रोखते. मुळाशी नव्याने तयार होणाऱ्या केसात ते साठते, तो केस बाधित होत नाही, आणि जुना बाधित केस वर सरकत निघून जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. गोळ्या सुरू झाल्यावर काही मुलांच्या अंगावर बारीक खाजरे पुरळ येते. बऱ्याचदा ती बुरशीवरची शरीराची प्रतिक्रिया असते, औषधाची ॲलर्जी नव्हे. तरीही गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. लघवी गडद होणे, डोळे पिवळे होणे किंवा भूक अचानक जाणे ही यकृताची लक्षणे असू शकतात. ती दिसली तर मात्र औषध थांबवून लगेच भेटावे.

गोळ्यांसोबत आठवड्यातून दोनदा किटोकोनाझोल 2 टक्के शाम्पू वापरतात. तो आजार बरा करत नाही, फक्त टाळूवरचे बीजाणू कमी करून इतरांना होणारी लागण रोखतो. घरातल्या बाकीच्या मुलांची डोकीही तपासून घ्यावीत. कंगवा, टोपी आणि टॉवेल वेगळे ठेवावेत. उपचार सुरू झाल्यावर मुलाला शाळेतून काढून घरी बसवण्याचे कारण नाही.

कधीकधी चट्टा फुगून मऊ, पाझरणारी, दुखरी गाठ बनते. ती गळवासारखी दिसते, आणि मग ती चिरली जाते. आत खरे तर बुरशीविरुद्ध शरीराने पेटवलेला दाह असतो. चिरा देऊन काही साधत नाही. गोळ्या मिळायला उशीर झाला तर तिथे व्रण राहतो आणि केस परत येत नाहीत.

अंगावरच्या गजकर्णालाही गोळी लागते, पण ठराविक वेळीच: चट्टे बरेच पसरलेले असतील, नीट मलम लावूनही हटत नसतील, किंवा आधी स्टिरॉइड लावलेले असेल तर. हे शेवटचे कारण भारतात फार दिसते. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली मलमे दुकानातून सहज आणली जातात. स्टिरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, पण त्वचेचा प्रतिकारही बसतो. बुरशी पसरते, कडा अस्पष्ट होते आणि डॉक्टरांनाही ओळख पटणे अवघड जाते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातले. त्यातच टर्बिनाफिनला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशीही देशात पसरली आहे, त्यामुळे नेमाने घेतलेले औषधही काहींना अपुरे पडते आणि इट्राकोनाझोलकडे वळावे लागते. गजकर्णासाठी मलम घेताना ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसले, तर ती ट्यूब परत करावी.