फोटो उघडला नाही, तर गाडीची वेळ कशी काढाल?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घडलेली गोष्ट आहे आणि त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगतो. आमच्या भागातले एक काजू बागायतदार कलमे आणण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाणार होते. कुडाळहून रेल्वेने खेड आणि खेडहून एसटीने दापोली असा त्यांचा बेत. मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाड्यांच्या वेळापत्रकाचा एक फोटो टाकला आणि माझे काम झाले असे समजून मोकळा झालो.

त्यांची वाडी डोंगराच्या पलीकडे, रेंज जेमतेम. फोटो धुरकट चौकटीतच राहिला, उघडलाच नाही. त्यांनी ग्रुपवर विचारले, "फोटो उघडना नाय. खेडाक कधी पोचतलंय? फुडची एसटी गावतली मा?" मी तेव्हा शेतावर होतो. कुणीतरी आठवणीवर उत्तर दिले, "दुपारी पोचता, एसटी लागूनच आसा." काका निघाले. खेडला उतरले तेव्हा एसटी निघून गेलेली. पुढची गाडी धरून दापोलीला पोचेपर्यंत विक्री बंद झालेली. रात्र एसटी स्टँडवर काढावी लागली, आणि कलमांसाठी ठरवलेल्या टेम्पोचे एका दिवसाचे भाडे अंगावर पडले.

नंतर मी तो फोटो नीट पाहिला. तो उन्हाळ्यात स्टेशनवरच्या फलकाचा काढलेला होता. म्हणजे फोटो उघडला असता तरी काकांची फसगतच झाली असती. न उघडलेला फोटो निदान काही सांगत नाही. जुना फोटो मात्र छातीठोकपणे चुकीचे सांगतो.

याचे कारण कोकण रेल्वेवर वर्षाला दोन वेळापत्रके चालतात. पावसाळ्यात दरडी आणि माती घसरण्याचा धोका असल्याने गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे प्रवासाचा वेळ वाढतो. मार्गाचा बराचसा भाग एकेरी आहे. एका गाडीला उशीर झाला की समोरच्या गाडीला क्रॉसिंगसाठी थांबावे लागते. पावसाळी वेळापत्रक बरीच वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असायचे. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे ठेवले गेले. या काळात काही गाड्या मधल्या स्टेशनवर नेहमीपेक्षा उशिरा येतात, तर काही लवकरसुद्धा सुटतात. म्हणून "मागच्या महिन्यात मी याच गाडीने गेलो होतो" हा आधार जूनमध्ये चालत नाही.

आता फोटो उघडला नाही तर काय करायचे? अंदाजाने उत्तर मागू नका, देऊ नका. फोटो पाठवणाऱ्याला सांगा, "चार गोष्टी अक्षरांत टाइप करून पाठवा." जिथे फोटो अडकतो तिथे चार ओळींचा मजकूर बहुधा पोचतो. त्या चार गोष्टी अशा: गाडीचा नंबर, तुमच्या स्टेशनवरून सुटण्याची वेळ, उतरायच्या स्टेशनवर पोचण्याची वेळ, आणि ते वेळापत्रक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आहे. शेवटची गोष्ट कुणी सांगू शकला नाही, तर पहिल्या तीन असूनही त्यावर विसंबू नका.

नंबरच का मागायचा? नावाने घोटाळा होतो. मांडवी एक्स्प्रेस जातानाही मांडवी आणि येतानाही मांडवीच. पण मुंबईहून मडगावला जाणारी १०१०३ आणि मडगावहून मुंबईकडे येणारी १०१०४. कुडाळहून खेडला जायचे तर दुसरी हवी. नंबर हाती आला की १३९ वर साधा फोन करून वेळ विचारता येते. त्याला इंटरनेट लागत नाही, बटणाचा मोबाइलही चालतो.

वेळा मिळाल्या की हिशेब आपला आपण करावा. खालचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, ते कोणत्याही गाडीचे नाहीत. समजा, गाडी कुडाळहून १०:४० ला सुटते आणि खेडला १४:०५ ला पोचते. रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे, म्हणजे १४:०५ म्हणजे दुपारचे २ वाजून ५ मिनिटे. वजाबाकी करताना पाचातून चाळीस जात नाहीत, म्हणून एक तास उसना घ्यायचा. तो तास साठ मिनिटांचा, शंभराचा नव्हे. पासष्टातून चाळीस गेले, पंचवीस उरले. तेरातून दहा गेले, तीन उरले. प्रवास ३ तास २५ मिनिटांचा.

पण खरा प्रश्न पुढच्या एसटीचा. रेल्वे पोचण्याची वेळ म्हणजे तुमची एसटी स्टँडवर पोचण्याची वेळ नव्हे. सामान घेऊन बाहेर पडणे, रिक्षा मिळणे, स्टँड गाठणे यासाठी अर्धा तास धरा. म्हणजे १४:३५. एसटी १४:४५ ला असेल तर कागदावर ती मिळते. प्रत्यक्षात गाडीला पंधरा मिनिटे उशीर झाला तरी ती हुकते. एसटी रेल्वेची वाट पाहत थांबत नाही. पावसाळ्यात तर गाडी वेळेवर येईल असे धरूच नका. त्यामुळे पहिली नव्हे, तिच्यानंतरची एसटी आपली समजा. ती समजा १६:३० ला आहे आणि दापोलीपर्यंत सव्वा तास लागतो. तुम्ही १७:४५ ला पोचाल. तिकडचे काम पाच वाजता बंद होत असेल, तर हा प्रवास त्या दिवशी जमणार नाही, हे घरातून निघण्याआधीच कळले. मग आदल्या दिवशी निघा किंवा सकाळची गाडी पाहा. एसटीची वेळ मात्र खेड आगाराच्या चौकशी खिडकीवरूनच विचारून घ्या. रेल्वेच्या फलकावर ती नसते.

परतीच्या प्रवासात आणखी एक खड्डा आहे. मुंबईहून रात्री उशिरा सुटणारी गाडी खेडला मध्यरात्रीनंतर येते, तेव्हा तारीख बदललेली असते. चौदा तारखेला मुंबईहून सुटलेली गाडी खेडला पंधराच्या पहाटे येते. तुम्हाला चौदाच्या रात्री जेवून स्टेशनवर जायचे असेल, तर खेडहून बसण्याची तारीख पंधरा सांगा. चौदा सांगितलीत, तर तुमची गाडी आदल्या पहाटेच निघून गेलेली असेल. मध्यरात्र ओलांडणारा वेळ मोजताना पोचण्याच्या वेळेत चोवीस मिळवा. २२:५० ला निघून ०१:३५ ला पोचलात, तर २५:३५ वजा २२:५०, म्हणजे २ तास ४५ मिनिटे.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना एकच विनंती. ग्रुपवर फोटो टाकलात तर त्याखाली वरच्या चार गोष्टी टाइप करा, आणि पंचायतीच्या फळ्यावर तेच खडूने लिहून शेजारी तारीख घाला. पावसाळी वेळापत्रक लागले की जुना मजकूर पुसून टाका. मी आता तसेच करतो. काकांना पुन्हा जायचे होते तेव्हा मी फोटो टाकला नाही. फोन करून चार ओळी वाचून दाखवल्या आणि त्यांनी त्या वहीत लिहून घेतल्या.